पंचेचाळीस मिलिमीटर

आमच्या तंत्रनिकेतनात सर्व्हे शिकवणाऱ्या सरांना मुलं 'बबल' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं. डंपी लेव्हलच्या, म्हणजे उंची मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीवर काचेची एक नळी असते, तिच्यात हवेचा बुडबुडा असतो. तो मध्यावर आल्याशिवाय सर कुणाला दुर्बिणीला डोळा लावू देत नसत. "बबल मध्ये आला का?" हे त्यांचं वाक्य. वर्गात, मैदानात, पगाराच्या रांगेतसुद्धा कुणी धक्काबुक्की करू लागलं की सर हेच म्हणायचे.

मी तिथे स्टाफ धरायचो. स्टाफ म्हणजे चार मीटरची लाकडी काठी. तिच्यावर पाच-पाच मिलिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेले. तीन भाग एकात एक बसतात, ओढले की लांब होते. पूर्ण ओढल्यावर वाऱ्यात ती सरळ धरणं हे काम आहे, हे फक्त धरणाऱ्यालाच कळतं. पोरं झाडाच्या सावलीत लेव्हल लावायची आणि मला उन्हात उभं करायची. सगळे मला मामा म्हणत. सरही.

सरांनी तरुणपणी कालव्यावर काम केलं होतं. कालव्याला उतार फार थोडा असतो. कुणी एक चूक केली की पाणी मागे फिरतं, असं ते सांगत. एकदा तसं झालंही होतं. चूक दुसऱ्याची होती, पण तेव्हापासून सरांनी कुणाचाही आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही असं ठरवलं. "स्वतः वाचलं नाही ते खरं मानू नका," हे वाक्य ते फळ्यावर वर्षाच्या पहिल्या दिवशी लिहीत. पुसू देत नसत. शेवटी खडूच फिका पडायचा.

शिकवायचे मात्र चांगलं. मला शाळा फारशी नाही, पण काठी धरून धरून मलाही समजलं, यातच सगळं आलं.

सर सांगत, जमिनीची उंची मोजायची तर आधी एक जागा अशी हवी की जिची उंची आपल्याला माहीत आहे. तिला बेंचमार्क म्हणायचं. आमचा बेंचमार्क मुख्य इमारतीच्या पोर्चच्या कोपऱ्यावर होता. इमारत नवी असताना सरांनी स्वतः छिन्नीने तिथे फुली कोरली होती आणि तिची उंची शंभर मीटर मानली होती. समुद्रापासून वगैरे नाही, नुसती मानलेली. तिथे लाल रंगात बाण आणि शेजारी '१००.०००'.

लेव्हल कुठेही मांडा. बबल मध्ये आणा. मग दुर्बीण चारही बाजूंना फिरवा, ती एकाच पातळीत बघते. बेंचमार्कवर काठी धरली आणि समजा १.२१५ वाचलं, तर दुर्बिणीची नजर बेंचमार्कच्या तेवढी वर आहे. शंभर अधिक १.२१५, म्हणजे नजरेची उंची १०१.२१५. या पहिल्या वाचनाला बॅक साइट म्हणतात. आता काठी दुसरीकडे धरा. तिथे १.६४० दिसलं तर १०१.२१५ मधून ते वजा करा. ९९.५७५. ही त्या जागेची रिड्यूस्ड लेव्हल, आर.एल. "माहीत असलेल्या जागेवर मिळवा, माहीत नसलेल्या जागेसाठी वजा करा. एवढंच आहे," सर म्हणत. "लोक यातही चुकतात."

लांब गेलं की दिसेनासं होतं. मग लेव्हल उचलून पुढे न्यावी लागते. पण नेण्याआधी एका पक्क्या जागेवर शेवटचं वाचन घ्यायचं, ती फोर साइट. लेव्हल पुढे नेऊन पुन्हा त्याच जागेवर पहिलं वाचन घ्यायचं, ती नवी बॅक साइट. या जागेला चेंज पॉइंट म्हणतात. तोवर काठीवाल्याने जागचं हलायचं नाही. हे मी पाळायचो. ऊन असो, माशी नाकावर बसलेली असो.

आणि शेवटी जिथून निघालो तिथेच परत यायचं. बेंचमार्कवर काठी धरून वाचायचं. निघताना शंभर होते, परतल्यावर शंभर यायला हवेत. येत नाहीत. दोन-चार-पाच मिलिमीटर इकडे-तिकडे होतात. तेवढं चालतं, अंतराच्या हिशेबाने त्याची मर्यादा ठरलेली आहे. पण एखाद्याच्या वहीत बरोब्बर शंभर आले की सर चष्मा वर करायचे.

"शून्य चूक? देव आहेस का?"

त्यामुळे मुलं हुशार झाली. वहीत पाच मिलिमीटरची चूक मुद्दाम घालू लागली. सर खूश. "प्रामाणिक वही," असं लाल शाईने लिहीत.

तपासण्याची सरांची पद्धत जलद होती. आवारातल्या सगळ्या बिंदूंच्या आर.एल. त्यांना पाठ होत्या. वसतिगृहाची पायरी ९९.६२०. मॅनहोलचं झाकण ९९.१५५. वर्कशॉपचं जोतं ९८.७००. पंपघराचा उंबरा ९८.०६५. वही उघडली, चार आकडे पाहिले, सही. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतः काढले होते. म्हणून ते स्वतः वाचलेले. म्हणून खरे. यात त्यांना काही खटकलं नाही.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेऊन एक बाई आली. वर्गातल्या पोरांपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अनुरेखक होती, म्हणजे साहेबांनी काढलेले नकाशे ट्रेसिंग कागदावर स्वच्छ उतरवायचं काम. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला ताई म्हटलं आणि तेच नाव पडलं. सरही विसरून एकदा ताई म्हणाले. मग दुरुस्त करायला उशीर झाला होता.

तिच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंत्याची एक जागा पुढच्या वर्षी रिकामी होणार होती. डिप्लोमा हातात असेल तर तिला, नसेल तर तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराला. यंदाचं वर्ष गेलं तर जागा गेली. आणि सर्व्हेचं जर्नल शनिवारपर्यंत सही होऊन जमा झालं नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नव्हतं. हे तिने मला काठीजवळ उभं राहून सांगितलं. तक्रार म्हणून नाही. "मामा, जरा लवकर आटपू, मला यासाठी अर्धी रजा टाकावी लागते," एवढ्यासाठी.

ती चांगली काम करायची. बॅक साइट आणि फोर साइट यांची अंतरं पावलांनी सारखी करायची, म्हणजे दुर्बीण थोडी वर-खाली बघत असली तरी दोन्हीकडची चूक एकमेकींना खाते. दर वाचनाला मला ओरडायची, "मामा, झुलवा!" काठी पुढे-मागे झुलवली की आकडा कमी-जास्त होतो. सगळ्यात कमी दिसतो तेव्हा काठी सरळ. पोरं कधी झुलवायला सांगत नाहीत. पोरं बहुधा माझ्याकडे पाहतच नाहीत.

पहिली वही सरांकडे गेली. सरांनी चार आकडे पाहिले. चष्मा वर.

"पायरी ९९.५७५? ९९.६२० हवं. झाकण ९९.११०? जोतं? उंबरा? सगळं कमी. पुन्हा करा."

"बेरीज-वजाबाकी तपासलीय सर. बॅक साइटची बेरीज ५.९००, फोर साइटची ५.८९५. फरक पाच. शेवटची आर.एल. १००.००५. जुळतंय."

"ती तपासणी गणिताची आहे," सर म्हणाले. "चुकीचं वाचलं आणि बरोबर बेरीज केली तरी ती जुळते. मधल्या बिंदूंची वाचनं तर तिच्यात येतसुद्धा नाहीत. गणित तुमचं बरोबर आहे. डोळे तपासा."

ती पुन्हा आली, पुन्हा अर्धी रजा. लेव्हल दुसरीकडे मांडली. वाचनं सगळी वेगळी आली, कारण नजरेची उंची बदलली. पण आर.एल. त्याच. पायरी ९९.५७५. परत शंभरवर आली तेव्हा पाचच्या आत.

सरांनी वही बंद करून परत दिली. "शनिवार जवळ आला, ताई."

ती बाहेर कट्ट्यावर बसली. तिथे वर्गातली तीन-चार पोरं होती. त्यांतला एक, ज्याला सगळे गॉगल म्हणायचे कारण तो ढगाळ दिवशीही घालायचा, हळूच म्हणाला, "ताई, एवढं काय मनाला लावून घेताय? पंचेचाळीस मिळवलेत का?"

"कशात?"

"पहिल्या बॅक साइटमध्ये. आणि शेवटच्या फोर साइटमध्ये. एक पॉइंट दोन एक पाच आलं ना? एक पॉइंट दोन सहा शून्य लिहा. बाकी सगळं जसंच्या तसं. सगळं जुळतं. सर खूश."

"पण का?"

"का म्हणजे?" गॉगल खरंच बुचकळ्यात पडला. "नियम आहे. सीनिअरांनी सांगितलाय. हॉस्टेलात सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात सांगतात, पाण्याची वेळ काय, मेसच्या सुट्टीचा वार कुठला आणि पंचेचाळीस."

"आणि सीनिअरांना कुणी सांगितलं?"

"त्यांना... जमलं असेल."

"अहो, मी रोज पाइपाचे नकाशे काढते. तिथे पंचेचाळीसने पाणी मागे येतं."

"तिथे नका मिळवू," गॉगल उदारपणे म्हणाला. "इथे मिळवा."

पोरं हसली. ती नाही. पण मी पाहिलं, तिने पेन्सिल काढली होती. वहीतल्या १.२१५ वर टेकवली होती. बराच वेळ टेकवून ठेवली. मग म्हणाली, "मामा, उद्या येता का? दुपारी. सरांनाच बोलावते."

मी म्हणालो, "सर येणार नाहीत. सर बरोबर आहेत असं त्यांना वाटतं तेव्हा ते हलत नाहीत."

"मग ते चूक आहेत असं वाटायला लावू."

तिने ते कसं केलं ते सांगतो. ती स्टाफरूमच्या दारात गेली आणि म्हणाली, "सर, माझी चूक मला सापडत नाही. पण ती कुठे नाही ते सापडलंय."

सरांना असं वाक्य आवडतं. खुर्ची मागे सरकली.

"वाटेत चूक झाली असती," ती म्हणाली, "तर चुकीच्या आधीचे बिंदू बरोबर असते, पुढचे चुकीचे. आणि परत आल्यावर शंभर आले नसते. माझा पहिला बिंदू पंचेचाळीस कमी, दुसरा पंचेचाळीस कमी, शेवटचा पंचेचाळीस कमी. आणि शंभर मात्र शंभरच. म्हणजे चूक वाटेत नाही. निघण्याच्या जागीच आहे."

"निघण्याची जागा बेंचमार्क आहे."

"हो."

"तो मी कोरलाय."

"हो सर."

सर माझ्याकडे वळले. माणसाला संशय घ्यायला कुणीतरी लागतं.

"मामा, काठीचा मधला भाग पूर्ण ओढला होतात? खिट्टी बसल्याचा आवाज आला होता?"

मला राग आला. मी म्हणालो, "तीस वर्षं आवाज येतोय."

"रागावू नका. बघू." सरांनी कागद ओढला. त्यांचं हे बरं होतं, संशयसुद्धा गणिताने घ्यायचे. "सांधा सव्वा मीटरवर आहे. मधला भाग पंचेचाळीस खाली घसरला असेल तर सांध्यावरची सगळी वाचनं पंचेचाळीस जास्त येतील, खालची बरोबर. पहिली बॅक साइट १.२१५, सांध्याखाली, बरोबर. पायरी १.६४०, सांध्यावर. त्यातून पंचेचाळीस काढले की १.५९५. आर.एल. ९९.६२०!" सर खुलले. माझ्याकडे पाहून खुलले, हे मला आवडलं नाही. "झाकण २.१०५, त्यातूनही काढले की ९९.१५५. जुळलं! मामा!"

"पुढचं करा सर," ताई म्हणाली.

पुढचं केलं. लेव्हल हलल्यावर झाकणावरची बॅक साइट ०.८७०, सांध्याखाली. वर्कशॉपचं जोतं १.३२५, सांध्यावर. घसरली असती तर इथे आणखी पंचेचाळीसची भर पडून फरक नव्वद झाला असता. तिच्या वहीत फरक पंचेचाळीसच होता.

"सांधा नाही," सर म्हणाले. "मामा, माफ करा."

"काठीचा तळ झिजला असेल तर?" तिने विचारलं.

"तो मिळवताना जेवढा, वजा करताना तेवढाच. कटतो." सरांनी टोपी घेतली. "चला. मी स्वतः वाचतो."

त्या दुपारी सरांनी कित्येक वर्षांनी आवारात स्वतः लेव्हल मांडली. बबल मध्ये आणायला पोरांपेक्षा जास्त वेळ लागला. मी बेंचमार्कवर काठी धरली. डंपीत सगळं उलटं दिसतं, काठी डोक्यावर उभी आणि मी पाय आभाळात. सर वाचत होते, ताई लिहीत होती. पायरी. झाकण. जोतं. उंबरा. प्रत्येक ठिकाणी पंचेचाळीस कमी.

पंपघराशी सर उभे राहिले. रुमालाने मान पुसली.

"आता उलटं करू," ते म्हणाले. "उंबरा ९८.०६५ धरू आणि इथून निघू."

पायरीपर्यंत गेलो. पायरी ९९.६२०, जुन्यासारखीच. झाकण जुन्यासारखं. जोतं जुन्यासारखं. चारही बिंदू आपापसांत जसे होते तसे होते, मिलिमीटरला मिलिमीटर. मग बेंचमार्क. सरांनी वाचलं, ताईने वजा केलं.

"१००.०४५."

सर दुर्बिणीपासून दूर झाले. "एक तर हे चौघं मिळून, एकाच दिवशी, एकमेकांना सांगून पंचेचाळीस खाली बसले. नाही तर हा एकटा वर आला."

मग आम्ही तिघं पोर्चवर गेलो आणि जिथे सर रोज दोनदा पाय ठेवत होते तिथे वाकून पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीत पोर्चला ग्रॅनाइट बसवलं होतं. जुनी फरशी न फोडता, तिच्यावरच. खाली माल, वर दगड. सर तेव्हा सुट्टीवर होते. गवंड्याने फुली झाकली. मग रंगारी आला. त्याला प्राचार्यांनी सांगितलं, जिथे जे लिहिलं होतं तिथे तेच लिही. त्याने तसंच केलं. त्याच कोपऱ्यावर, नव्या दगडावर, लाल बाण आणि '१००.०००'. अक्षर आधीपेक्षा सुंदर. पाचही शून्यं एकसारखी गोल. सुट्टीनंतर आम्ही सगळ्यांनी चकाकी पाहिली. वर्षभर लोक शेवटच्या पायरीला ठेचकाळत होते आणि आपापल्या चपलेला दोष देत होते.

सर पायरीवरच बसले. ताई उभी राहिली.

"म्हणजे तुमची वाचनं बरोबर," ते म्हणाले. "निघालात १००.०४५ वरून. मी तुम्हाला शंभर सांगितलं."

"म्हणजे सही?"

"सही." पण वही घ्यायला हात पुढे झाला नाही. काहीतरी त्यांच्या मनात उलटं फिरत होतं, डंपीत दिसतं तसं. "पण मग बाकीच्या सगळ्यांचं बरोबर कसं आलं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी काठी आखडली.

"सर, ते मला विचारू नका," ती म्हणाली.

"मामा?"

"हॉस्टेलात नियम आहे म्हणतात," मी म्हणालो. "पहिल्यात पंचेचाळीस मिळवा, शेवटच्यात मिळवा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं. मी काठी धरतो सर, वही नाही."

सरांनी बोटांनी हवेत गणित केलं. बॅक साइटला पंचेचाळीस वाढवले म्हणजे नजरेची उंची पंचेचाळीस वाढली. म्हणजे बेंचमार्क १००.०४५ धरल्यासारखंच झालं. "म्हणजे," सर हळू म्हणाले, "ज्यांनी खोटं लिहिलं त्यांच्या लेव्हल खऱ्या. जिने खरं लिहिलं तिच्या खोट्या. आणि मी दोन वर्षं..."

दोन वर्षांत जो कुणी काठीवर दिसलं तेच लिहून आला असेल, त्याला सरांनी परत पाठवलं होतं, तो नियम शिकेपर्यंत. नियमाचे मास्तर तेच होते.

संध्याकाळी मी लेव्हलची पेटी त्यांच्या क्वार्टरवर पोचवायला गेलो. सरांना ती रात्री घरी हवी होती, तपासायची होती म्हणे. त्यांच्या बायकोने दार उघडलं.

"या भाऊजी. आज काय झालंय? जेवायला बसत नाहीत. फळी बघतायत."

आत सर स्वयंपाकघरातल्या फळीवर हातातली छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून उभे होते.

"ती मी लग्नापासून बघतेय," बायको म्हणाली. "डावीकडे कललेली आहे. बरण्या सरकतात. सांगितलं तर म्हणतात, मी स्वतः बसवलीय."

सर वळले. "कलली आहे," ते म्हणाले.

"अगंबाई!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "भाऊजी, पेटी ठेवा आणि डॉक्टरला फोन करा."

दुसऱ्या दिवशी सर प्राचार्यांकडे गेले. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"दोन वर्षांची जर्नलं चुकीची आहेत," सर म्हणाले. "सह्या माझ्या आहेत. लिहून देतो."

"आकडे चुकीचे आहेत?" प्राचार्यांनी विचारलं.

"आकडे बरोबर आहेत. तीच तर अडचण आहे."

प्राचार्यांनी कपाटाकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार होती आणि कपाटात सर्व्हेची जर्नलं सगळ्यात वरच्या कप्प्यात मांडली होती, कारण ती सगळ्यात स्वच्छ होती.

"आकडे बरोबर आहेत, बेरजा जुळतात, सही आहे," प्राचार्य म्हणाले. "मग दुःख कशाचं? हवं तर ग्रॅनाइट काढू. नको, पाहुण्यांना आवडलंय. सर, तुम्ही थकलात."

सरांनी तरीही पत्र दिलं. प्राचार्यांनी ते पेपरवेटखाली ठेवलं. पेपरवेट जड होतं.

शुक्रवारी सरांनी स्वतः रंगाचा डबा आणला. '१००.०००' वर एकच आडवी रेघ मारली आणि वर '१००.०४५' लिहिलं, फील्ड बुकात चुकलेला आकडा खोडतात तसंच. खोडरबर नाही, गिरवणं नाही, चुकलेलं वाचता आलं पाहिजे. अक्षर रंगाऱ्याइतकं चांगलं आलं नाही. ताईच्या दोन्ही वह्यांवर सही केली आणि खाली लिहिलं: 'वाचने बरोबर. बेंचमार्कची किंमत शिक्षकाने चुकीची दिली.'

मग वर्गात गेले.

"बेंचमार्कची किंमत बदलली आहे. आजपासून १००.०४५. दगडावर लिहिलंय ते घ्या. काठीवर दिसतं ते लिहा. शंका?"

गॉगलने खिडकीबाहेर पाहिलं. कुणीतरी पेन आपटलं.

"कुणालाच विचारायचं नाही? का बदलली ते?"

कुणालाच नव्हतं. मी दारात नकाशांची गुंडाळी घेऊन उभा होतो. सरांनी हवं तर तिथेच सगळं सांगून टाकलं असतं. पण त्यांना तो प्रश्न ऐकायचा होता. तो आला नाही. फळ्यावरच्या फिक्या अक्षरांकडे एकदा पाहून ते बाहेर पडले.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. उंच, कमी बोलणारे. आवारातले नेहमीचे बिंदू त्यांनी घेतले नाहीत. सकाळी माझ्याकडून मैदानात तीन नवे खुंट ठोकून घेतले, सरांना बरोबर घेऊन त्यांच्या आर.एल. काढल्या आणि कागद खिशात ठेवला. मुलांना या खुंटांचे आकडे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

दिवसभर मी काठी धरली. एक एक जण येत गेला. बेंचमार्कवर वाचलं, खुंटांवर वाचलं, परत बेंचमार्कवर आला. नव्या आकड्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दगडावर १००.०४५ लिहिलंय म्हणून १००.०४५ लिहिलं. आणि हॉस्टेलात सांगितलंय म्हणून पहिल्या बॅक साइटमध्ये पंचेचाळीस मिळवले. दोन्ही आज्ञा पाळल्या. शेवटच्या फोर साइटमध्येही मिळवले, म्हणून परत येणं सुंदर जुळलं. कुणाची चूक दोन मिलिमीटर, कुणाची तीन. प्रामाणिक दिसावी एवढी.

परीक्षक टेबलाशी वह्या घेऊन बसले. एक पाहिली, दुसरी पाहिली. मग सगळ्या पसरल्या.

"पहिला खुंट ९८.७३० आहे," ते सरांना म्हणाले. "यांचा ९८.७७५. याचाही. याचाही. एकाने चूक केली असती तर समजलो असतो. इतक्या जणांनी, वेगवेगळ्या ठिकाणी लेव्हल मांडून, पंचेचाळीसच मिलिमीटर? हे कसं जमतं?"

"अभ्यास," सर म्हणाले.

परीक्षकांनी वर पाहिलं. मग सरांनी त्यांना सगळं सांगितलं. ग्रॅनाइट, रंगारी, पाठ केलेले आकडे, स्वतःच्या सह्या. काही झाकलं नाही. परीक्षकांनी ऐकलं, चहा मागवला आणि तो प्यायला विसरले.

"सर, मी या मुलांना नापास करतो," ते शेवटी म्हणाले. "फेरपरीक्षा घ्या. तुम्हाला नापास करायची तरतूद माझ्याकडे नाही."

"असायला हवी," सर म्हणाले. ते खरंच वाईट वाटून म्हणाले.

ताईची वही सगळ्यात शेवटी आली, कारण ती सगळ्यात शेवटी संपली होती. तिने वेळ जास्त घेतला होता. मला प्रत्येक ठिकाणी झुलवायला लावलं होतं. एका ठिकाणी आकडा चुकीचा लिहून एका रेघेने खोडला होता, वर बरोबर लिहिला होता. पहिला खुंट ९८.७३०. दुसरा बरोबर. तिसरा पाच कमी. परत बेंचमार्कवर १००.०४०.

ती झाडाखाली उभी होती. हातात पर्स, पायावर लाल माती. हाताखाली शिकलेल्या त्या पोराला कार्यालयात बसवून ती आली होती, तिच्या जागेवर. सर तिच्याकडे गेले.

"पाच मिलिमीटर आले सर," ती आधीच म्हणाली. "शेवटच्या टप्प्यात कुठेतरी. कुठे ते कळत नाही."

"कळत नाही ना?"

"नाही. दोनदा बघितलं."

"मर्यादा किती आहे?"

"या अंतराला साडेसात."

"मग राहू द्या ते पाच," सर म्हणाले. "ते तुमचे आहेत."

टेबलाशी परीक्षकांनी तिच्या वहीवर सही केली आणि नापास करायच्या वह्यांतली पहिली ओढली. गॉगलची. तिच्यात चूक फक्त दोन मिलिमीटर होती.